वंशावळीतली चौथी पिढी

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला आमची भावकी दरवर्षी सोलापूरला माझ्या घरी उतरते. मूळ गाव सीना नदीकाठी, दक्षिण सोलापूर तालुक्यात. तीन पात्या आहेत, थोरली, मधली आणि धाकटी, आणि तिघींचा मूळपुरुष एक मानला जातो. त्याची वंशावळ हेळव्याने आपल्या चोपडीतून वाचून दाखवली होती आणि माझ्या वडिलांनी ती शाईने एका वहीत उतरवून घेतली होती. मूळपुरुष पहिली पिढी धरला तर मी, धाकट्या पातीतले अण्णा आणि मधल्या पातीतले तात्या, असे आम्ही तिघेही सातव्या पिढीतले. दोन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीला ती वही पुढ्यात असताना अण्णांच्या मुलाने विचारले, "काका, आता डीएनएवरून कूळ कळतं म्हणतात. आपण एकदा करून बघायचं का?" मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवले, त्यामुळे उत्तर देण्याची जबाबदारी माझ्यावर आली. त्या चाचणीतून आम्हाला काय कळले आणि काय कळू शकले नाही, ते पुढे क्रमाने लिहीत आहे.

त्या दिवशी मी लगेच होकार दिला नाही. आधी सर्वांना बसवून वाय गुणसूत्र कसे उतरते ते सांगितले. आपली बाकीची गुणसूत्रे प्रत्येक पिढीत आईकडच्या आणि बापाकडच्या जोडीत देवाणघेवाण करतात, पत्ते पिसावेत तशी मिसळतात. वाय गुणसूत्राला बरोबरीचा जोडीदार नसतो. दोन्ही टोकांचे लहान भाग सोडले तर ते बापाकडून मुलाकडे जसेच्या तसे जाते आणि त्यात बदल होतो तो फक्त नक्कल करताना अधूनमधून राहून गेलेल्या चुकीमुळे. एका पुरुषात झालेली अशी चूक त्याच्या सगळ्या पुरुष वंशजांत उतरते. अशा समान चुकांवरून पुरुषांचे जे गट पाडतात त्यांना हॅप्लोग्रुप म्हणतात. मग मी मुद्द्याचे बोललो. आपल्या वाय गुणसूत्रांची तुलना केल्यावर तीन गोष्टी निघू शकतात. ती जुळतील, किंवा जुळणार नाहीत, किंवा जुळूनही काही ठरणार नाही. दुसरी गोष्ट निघाली तर कुठल्या तरी पिढीत मुलगा बापाच्या रक्ताचा नव्हता असा तिचा अर्थ होईल. ते ऐकून घ्यायची तयारी असेल तरच पुढे जाऊ. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "जे असेल ते असेल. नमुना घे." तात्यांनी मात्र त्या वेळी नको म्हटले, आणि मी त्यांना आग्रह केला नाही.

नमुना गालाच्या आतल्या बाजूने घेतात. अर्धा-एक तास आधी काही खायचे-प्यायचे नाही, तोंड साध्या पाण्याने धुवायचे, मग काडीच्या टोकाचा फाया एका गालाच्या आतून साधारण मिनिटभर घासायचा, दुसऱ्या फायाने दुसरा गाल, आणि दोन्ही टोके रसायन भरलेल्या नळीत बुडवून झाकण घट्ट लावायचे. फायावर लाळ दिसते म्हणून नमुना आला असे समजू नये, कारण आपल्याला हव्या असतात त्या गालाच्या अस्तरातून सुटलेल्या पेशी. माझा नमुना पहिल्याच खेपेला चालला. अण्णांचा परत आला, डीएनए अपुरा म्हणून. अण्णा तंबाखू खातात. मला वाटते त्या सकाळी चूळ नीट भरली गेली नाही आणि घासताना हातही हलका राहिला. दुसऱ्या खेपेला मी स्वतः घड्याळ हातात घेऊन उभा राहिलो. पुढे ही दुसरी खेप फार उपयोगी पडली, कारण निकाल धक्कादायक आला तेव्हा नमुन्यांची अदलाबदल झाली असेल का हा प्रश्न पहिला उठला, आणि दुसऱ्या नमुन्याच्या नळीचा क्रमांक आम्ही दोघांनी आपल्या हाताने लिहून ठेवला होता.

आम्ही आधी स्वस्त चाचणी केली. तिच्यात संपूर्ण गुणसूत्र वाचत नाहीत. एका चकतीवर आधीच ठरवलेली काही लाख ठिकाणे तपासतात आणि त्यांपैकी वाय गुणसूत्रावरच्या ठिकाणांवरून हॅप्लोग्रुप सांगतात. माझ्या अहवालाच्या पडद्यावर L आले आणि अण्णांच्या R1a. दोन्हींच्या शेजारी जगाचा नकाशा होता आणि त्यावर आफ्रिकेतून निघालेला एक जाड बाण भारतापर्यंत आला होता. अण्णांच्या मुलाला त्या बाणाचे कुतूहल होते. माझे लक्ष त्या दोन अक्षरांवरच खिळले. L आणि R या दोन फांद्या पुरुषांच्या त्या मोठ्या झाडावर ज्या जागी वेगळ्या होतात ती जागा चाळीस हजार वर्षांहून मागे आहे. आमचा मूळपुरुष हेळव्याच्या हिशेबाने फार तर अडीचशे वर्षांपूर्वीचा. इतक्या थोड्या पिढ्यांत L चा R होत नाही. म्हणजे माझी आणि अण्णांची बापाकडची सरळ रेषा मूळपुरुषापाशी मिळत नाही, हे त्या दोन अक्षरांवरूनच ठरले.

सगळ्या प्रक्रियेत जी एक गोष्ट नीट समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते, ती ही. हॅप्लोग्रुप वेगळे निघाले तर बापाकडच्या सरळ रेषेने जवळचे नाते नाही हे खात्रीने सांगता येते, पण हॅप्लोग्रुप एकच निघाले तर नाते आहे असे म्हणता येत नाही. L मधली M27 नावाची फांदी पश्चिम आणि दक्षिण भारतात बरीच पसरलेली आहे. सोलापूरच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या कुठल्याही अनोळखी माणसाशी माझे L जुळू शकेल, आणि आमचा समान बाप हजारो वर्षांमागचा असेल. लोक नेमके उलटे करतात. अक्षर जुळले की "आपण एकाच कुळातले" म्हणतात, आणि जुळले नाही की "प्रयोगशाळेची चूक असेल" म्हणतात.

चूक असू शकते म्हणूनच आम्ही पुढची पायरी घेतली. हैदराबादला एका प्रयोगशाळेत काम करणारी माझी जुनी विद्यार्थिनी मदतीला होती. तिच्या सल्ल्याने आम्ही वायवरच्या ३७ ठिकाणांची एसटीआर तपासणी केली. वाय गुणसूत्रावर काही जागी चार-पाच अक्षरांचा एकच तुकडा लागोपाठ पुन्हा पुन्हा येतो, आणि तो किती वेळा येतो तो आकडा बापाकडून मुलाकडे बहुधा तसाच जातो. क्वचित एखाद्या पिढीत तो एकाने वाढतो किंवा घटतो. हॅप्लोग्रुप ठरवणारे बदल हजारो वर्षांचे माप देतात, आणि हे आकडे पिढ्यांच्या मापाला जास्त जवळचे असतात. माझे आणि अण्णांचे ३७ पैकी अवघे ११ आकडे जुळले, तेही योगायोगाने जुळतात तसे. आता शंकेला जागा उरली नाही.

पण कोणाची रेषा तुटली? हा प्रश्न दोन माणसांच्या चाचणीतून कधीच सुटत नाही. मूळपुरुष L असेल तर अण्णांच्या बाजूला काही घडले, आणि तो R1a असेल तर माझ्या बाजूला. थोरली पाती म्हणून गावात मान माझ्या घराला, आणि मी मनात नकळत धरून बसलो होतो की आमचीच रेषा खरी. शास्त्राच्या दृष्टीने त्याला काहीही आधार नव्हता. तिसरा माणूस हवा होता, आणि तो मधल्या पातीतला. मी गावी जाऊन तात्यांना सगळे सांगितले. निकाल काय आला तेही सांगितले आणि तुमच्या नमुन्याने काय ठरेल तेही. ते एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी विचारले, "माझा अण्णासारखा निघाला तर तू बाहेरचा ठरणार?" मी हो म्हणालो. त्यांनी तोंड धुतले आणि तोंड उघडले.

तात्यांचे निघाले L, आणि ३७ पैकी ३५ आकडे माझ्याशी तंतोतंत जुळले. फरक दोनच. त्यांतला एक DYS570 या ठिकाणी, माझे १८ आणि त्यांचे १९. ही जागा लवकर बदलणाऱ्या जागांपैकी आहे. मूळपुरुषापासून माझ्यापर्यंत सहा जन्म आणि तात्यांपर्यंत सहा, म्हणजे मध्ये एकूण बारा वेळा नक्कल झाली. या ३७ ठिकाणांचा बदलाचा सरासरी वेग धरला तर बारा नकलांत साधारण दोन फरक अपेक्षित असतात. दोनच निघाले. हिशेब इतका चपखल बसला की मला तो लगेच सर्वांना सांगावासा वाटला, पण तिथेच थांबणे भाग होते. हाच हिशेब उलटा केला, म्हणजे दोन फरक दिसले तर समान बाप किती पिढ्यांमागे असेल असे विचारले, तर उत्तर "सहा" येत नाही. दोन पिढ्यांपासून वीस पिढ्यांपर्यंत काहीही येऊ शकते, कारण बदल योगायोगाने होतात, ठरल्या वेळी होत नाहीत. हेळव्याची सहा पिढ्यांची गोष्ट आमच्या आकड्यांच्या विरोधात जात नाही, एवढेच मी म्हणू शकतो. आकड्यांनी ती सिद्ध केली असे मी म्हणत नाही. तरीही तीन पात्यांतल्या दोन जुळतात आणि एक जुळत नाही, तेव्हा तुटण्याची जागा धाकट्या पातीत आहे हे सर्वांत सरळ स्पष्टीकरण ठरते.

जागा आणखी जवळून शोधायची तर धाकट्या पातीतलाच, पण अण्णांच्या घरापासून बराच मागे फुटलेला, चौथा माणूस लागणार होता. अण्णांच्या पणजोबांना दोन मुलगे होते. एकाच्या वंशात अण्णा, तर दुसऱ्याच्या वंशातला एक मुलगा पुण्यात नोकरीला आहे. पणजोबा म्हणजे वंशावळीतली चौथी पिढी. त्या मुलाचे निघाले R1a, आणि आकडेही अण्णांशी जवळपास सगळे जुळले. याचा अर्थ असा की पणजोबांचा वाय R1a होता आणि त्यांच्यापासून पुढे बाप-मुलाची साखळी अखंड आहे. तेव्हा जे घडले ते पहिल्या आणि चौथ्या पिढीच्या मधल्या तीन जन्मांपैकी एकात. यापेक्षा जवळ डीएनएला जाता येत नाही, कारण त्या तीन पुरुषांच्या दुसऱ्या कुठल्याही पुरुष वंशजाची फांदी आज जिवंत नाही.

इथून पुढे कागद कामाला आले. अण्णांच्या घरी एका लोखंडी पेटीत जमिनीचे जुने मोडी कागद होते. ते कोणी वाचले नव्हते, कारण घरात मोडी येणारे कोणी नाही. आम्ही एका मोडी वाचकाला बोलावले. तिसऱ्या दिवशी दत्तकपत्र सापडले. तिसऱ्या पिढीतल्या गृहस्थाला पुत्रसंतान नसल्यामुळे त्याने "लेकीचा मुलगा" दत्तक घेतला, जमीन त्याच्या नावे केली आणि साक्षीदारांची नावे घातली. मुलाच्या जन्मदात्या बापाचे नाव आणि गाव ज्या ओळीत होते, नेमकी तीच ओळ वाळवीने खाल्ली आहे. मी तो कागद उजेडासमोर धरून पुन्हा पुन्हा पाहिला. ओळीच्या सुरुवातीची वरची आडवी रेघ दिसते, खालची अक्षरे नाहीत.

दत्तक भावकीतलाच असता तर आम्हाला वायमध्ये काहीच दिसले नसते, आणि दत्तक झाले होते हेच कदाचित कळले नसते. लेकीचा मुलगा घेतल्यामुळे जावयाच्या घराण्याचा वाय धाकट्या पातीत आला आणि तोच पुढे अण्णांपर्यंत पोचला. पण त्याच कारणाने आणखी एक गोष्ट खरी ठरते, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. लेक मूळपुरुषाच्या रक्ताची होती. तिचा मुलगाही होता. म्हणजे अण्णा मूळपुरुषाचे वंशज आहेतच, फक्त त्या साखळीत एक कडी बाईची आहे, आणि वाय गुणसूत्र बाईच्या कडीपाशी थांबते. अक्षरे वेगळी निघाली त्या रात्री अण्णांच्या मुलाने "म्हणजे आम्ही या घरातले नाहीच का?" असे विचारले होते. त्याला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नव्हतो. कागद सापडल्यावर दिले.

बाकीच्या गुणसूत्रांवरून ते नाते दाखवता येईल का, हेही त्याने विचारले. मी आमच्या पहिल्या चाचणीतली ती माहिती ताडून पाहिली. इतक्या दूरच्या चुलत नात्यात, जिथे समान पूर्वज सहा-सात पिढ्यांमागे आहे, दोघांना त्या पूर्वजाचा एकही सामाईक तुकडा न मिळण्याची शक्यता जास्त असते, कारण प्रत्येक पिढीत निम्मे गळते. शिवाय आमच्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल जुनी. धाकट्या पातीतल्या दोन सुना आमच्या आजोळच्या आहेत. अण्णांशी माझा एक लहान तुकडा जुळला, पण तो मूळपुरुषाकडून आला की आजोळच्या वाटेने, हे वेगळे काढता येत नाही. म्हणून तो पुरावा म्हणून धरलेला नाही.

बापाच्या साखळीत असे तुटणे आमच्याच घरात घडले असे नाही. इंग्लंडमध्ये लेस्टर इथे २०१२ साली राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा सापडला. आईकडच्या रेषेने त्याच्या बहिणीपासून आलेल्या आजच्या दोन वंशजांशी त्याचा मायटोकॉन्ड्रियल, म्हणजे फक्त आईकडून मिळणारा, डीएनए जुळला. पुरुषांकडच्या रेषेने नातेवाईक म्हणून नोंदलेल्या पाच जणांचा वाय मात्र त्याच्याशी जुळला नाही, आणि त्या पाचांतलाही एक जण उरलेल्या चौघांपेक्षा वेगळा निघाला. राजघराण्याची कागदोपत्री वंशावळ जगातल्या उत्तम जपलेल्या वंशावळींपैकी एक, आणि तिथेही बापाची साखळी निदान दोनदा तुटलेली दिसली. अण्णांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री केली.

आता R1a बद्दल. पुण्याच्या मुलाने समाजमाध्यमांवर वाचून आम्हाला कळवले की R1a म्हणजे आर्य, म्हणजे उच्च कुळ. दुसऱ्या एका नातेवाइकाने त्याच अक्षरांवरून "म्हणजे तुमची पाती बाहेरून आलेली" असे सुनावले. दोन्ही विधाने मी त्याच संध्याकाळी खोडून काढली, आणि इथेही सविस्तर खोडतो. भारतातल्या R1a ची बहुतेक रेषा Z93 नावाच्या बदलातून येते. तो बदल साधारण साडेचार ते पाच हजार वर्षांमागचा मानला जातो. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातले लोक ख्रिस्तपूर्व २००० ते १५०० च्या सुमारास दक्षिण आशियात आले, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या मोठ्या अभ्यासात दिसते, आणि R1a चा इथला प्रसार त्या आगमनाशी जोडला जातो. इथपर्यंत ठीक आहे. पण २०१३ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासानुसार भारतातले वेगवेगळे मूळ गट साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळत होते, आणि लग्ने जातीतच करण्याची कडक बंधने त्यानंतर बसली. म्हणजे हॅप्लोग्रुप जातींपेक्षा जुना आहे, आणि जात ठरण्याआधीच तो सगळीकडे विखुरला होता. काही समाजांत R1a चे प्रमाण जास्त आणि काहींत कमी आढळते हे खरे, पण आंध्रातल्या चेंचू या आदिवासी जमातीतही तो सापडलेला आहे. प्रमाण समूहाचे असते, ते एका माणसाला लावून उलटे वाचता येत नाही. अण्णांच्या R1a वरून त्या जावयाची जात, गाव किंवा भाषा यांपैकी काहीही कळत नाही. वाळवीने खाल्लेली ओळ डीएनएतून भरून निघाली नाही.

नावांचाही एक घोळ लक्षात ठेवावा लागतो. पुण्याच्या मुलाने चाचणी दुसऱ्या कंपनीकडून केली होती. तिचे गटाचे नाव अण्णांच्या अहवालातल्या नावापेक्षा लांब होते, आणि त्याला वाटले की आपण वेगळे. झाडावर नव्या फांद्या सापडत जातात तशी अक्षर-आकड्यांची नावे बदलतात. L मधल्या M27 फांदीला पूर्वी L1 म्हणत, नंतरच्या यादीत तीच L1a1 झाली. बदलाचे नाव, म्हणजे M27 किंवा Z93, हे स्थिर राहते. दोन अहवालांची तुलना करायची तर तेच पाहावे.

या सगळ्यात मला माझ्या आईकडच्या रेषेचीही ओढ होती. आईची आई अक्कलकोटकडची. घरात मराठी बोलायची, पण ओव्या कन्नडमध्ये म्हणायची, आणि आमचे मूळ गुलबर्ग्याकडचे असे सांगायची. आईकडची रेषा पेशीतल्या तंतुकणिकांच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांच्या, डीएनएवरून काढतात. तो फक्त १६,५६९ अक्षरांचा असतो आणि आईकडून मुलांना आणि मुलींना दोघांनाही मिळतो, पण पुढे फक्त मुलींकडून जातो. माझ्यातला तो माझ्यापाशी थांबला, माझ्या मुलांत त्यांच्या आईचा आहे.

पहिल्या अहवालात माझ्या आईकडचा गट नुसता M असा होता. या डीएनएचा जो लहान भाग पूर्वी वाचत असत, साधारण १६०२४ क्रमांकाच्या अक्षरापासून पुढची चारेकशे अक्षरे, त्यावरून M आहे की नाही हेही खात्रीने ठरत नाही, कारण M ची मुख्य खूण १०४०० क्रमांकावर, त्या भागाच्या बाहेर आहे. तिथे C च्या जागी T असते. म्हणून मी पूर्ण डीएनए वाचून घेतला आणि निकाल M30 आला. अहवालात "फरक" म्हणून दिलेली लांबलचक यादी पाहून माझी मुलगी घाबरली. तिला वाटले हे दोष आहेत. तो फरक कशापासून मोजतात ते अहवालात सांगितलेले नव्हते. १९८१ साली केंब्रिजमध्ये वाचलेला आणि १९९९ साली दुरुस्त केलेला एक नमुना सर्वत्र प्रमाण मानतात, आणि तो युरोपात आढळणाऱ्या एका गटातला आहे. भारतीय माणसाची यादी त्यामुळे लांब येणारच. त्यात आजाराचे काही नाही.

आजीच्या बहिणीची नात सोलापुरातच असते. आजी आणि तिची बहीण सख्ख्या की चुलत यावर आमच्याकडे दोन मते आहेत. त्या नातीने, म्हणजे बहिणीच्या मुलीच्या मुलीने, आपलाही पूर्ण डीएनए वाचून घेतला आणि सगळी अक्षरे माझ्याशी जुळली. तिला वाटले प्रश्न सुटला. सुटला नाही. या संपूर्ण डीएनएत सरासरी साडेतीन हजार वर्षांनी एक बदल साठतो असा अंदाज आहे. म्हणजे तंतोतंत जुळणाऱ्या दोघींची समान आई शंभर वर्षांमागे असू शकते आणि दोन हजार वर्षांमागेही. वायची मोठी लांबी वाचून काढली तर शंभरेक वर्षांच्या आत एखादा बदल हाती लागतो, तेवढा बारीक धागा आईच्या रेषेत नाही. आजी आणि तिची बहीण एका आईच्या रेषेतल्या आहेत, एवढेच त्यातून निघते. सख्ख्या की चुलत ते निघत नाही, आणि बहिणींच्या मुली असतील तर चुलत म्हणण्याऐवजी मावसबहिणीच म्हणाव्या लागतील. गुलबर्ग्याबद्दलही काही निघाले नाही. M30 भारतभर अनेक समाजांत सापडतो आणि त्याची फांदी आजच्या गावांपेक्षा आणि भाषांपेक्षा कितीतरी जुनी आहे. आजीचे गुलबर्गे मी आजही तिच्या ओव्यांवरून मानतो.

आणखी एक आकडा मी त्या सर्वांना वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवला. सात पिढ्या मागे गेले की प्रत्येकाच्या पूर्वजांच्या १२८ जागा होतात. वाय त्यातल्या एका जागेबद्दल बोलतो आणि तंतुकणिकांचा डीएनए दुसऱ्या एका जागेबद्दल. उरलेल्या १२६ जागांबद्दल दोन्ही चाचण्या पूर्ण गप्प असतात, मग आमच्या घरात मामाच्या मुलीशी होणाऱ्या लग्नांमुळे त्या जागांवरची माणसे थोडी कमी असली तरी. ज्या लेकीमुळे अण्णा या घरातले आहेत तिच्या वाटेने येणारा मूळपुरुष अण्णांच्या त्या १२६ जागांतला एक आहे.

यंदाच्या यात्रेला आम्ही वहीत नोंद करायला बसलो. चौथ्या पिढीतल्या नावासमोर मी लिहिले होते, "तिसऱ्या पिढीने लेकीचा मुलगा दत्तक घेतला, दत्तकपत्र व वाय चाचणी यावरून सिद्ध." अण्णांनी चष्मा लावला, बोट ओळीवरून फिरवले आणि शेवटच्या शब्दावर थांबले. "तूच म्हणाला होतास ना, तीन जन्मांपैकी एकात," ते म्हणाले. "चाचणीनं तीन सांगितले, कागदानं एक सांगितला. एकातच काय ते घडलं, आणि दुसऱ्यात काही नाही, हे कुणी बघितलं?" ते बरोबर बोलत होते. दत्तकपत्राने एक तुटणे पुरेसे समजावले जाते, पण त्याआधी आणखी एक झाले नसेल असे त्यातून निघत नाही. मी "सिद्ध" खोडले आणि त्याच्या जागी "बहुधा" लिहिले. मग त्यांनी पेन मागून घेतले, आणि तिसऱ्या व चौथ्या नावाच्या मध्ये थोडी जागा होती तिथे बारीक अक्षरात "लेक" एवढे लिहिले. नाव माहीत नाही म्हणून पुढे रेघ मारून ठेवली.